जुन्या थकबाकीदाराला दिलेला एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव नव्याने कसा लिहावा : एकच रक्कम, एकच मुदत

कोकणात व्यापाऱ्याची उधारी हंगामावर चालते. आंबा बागायतदार पावसाळ्याच्या शेवटी खते नेतो, थंडीत मोहोराच्या फवारणीची औषधे नेतो, मार्चमध्ये खोके नेतो आणि पैसे आंबा बाजारात गेल्यावर देतो. एखादा हंगाम बुडाला की बाकी पुढच्या वर्षावर जाते, पुढच्या वर्षी तिच्यावर व्याज चढते आणि दोन-तीन वर्षांनी दुकानदाराच्या लक्षात येते की पूर्ण रक्कम काही येणार नाही, पण थोडी सोडली तर बाकीची येऊ शकेल. अशा वेळी तो एकरकमी तडजोडीचे पत्र पाठवतो. हे पत्र बहुधा घाईत लिहिलेले असते, आणि त्यात नेमकी किती रक्कम भरायची व नेमकी कधीपर्यंत भरायची या दोनच गोष्टी धूसर राहतात.

असे एक धूसर पत्र आधीच गेलेले असताना ते मागे घेऊन त्याऐवजी स्पष्ट पत्र कसे द्यावे, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे पाहू. हे मार्गदर्शन आपल्या मालाची उधारी वसूल करणाऱ्या दुकानदारासाठी आणि त्याच्या हिशेबनीसासाठी आहे. बँक किंवा पतसंस्था यांच्या तडजोडीला संचालक मंडळाचा ठराव आणि त्यांना लागू असलेले नियम यांची चौकट असते, त्यामुळे त्यांनी हे पत्र जसेच्या तसे उचलू नये.

उदाहरण आणि जुने पत्र

समजा, रत्नागिरी तालुक्यात एक कृषी सेवा केंद्र आहे आणि पावस परिसरातील एका बागायतदाराने तेथून तीन बिलांवर माल उधार नेला आहे. १२ ऑक्टोबर २०२३ चे बिल १,१८,४०० रुपयांचे, ९ डिसेंबर २०२३ चे ८६,२५० रुपयांचे आणि २० मार्च २०२४ चे ३३,९५० रुपयांचे, असा एकूण २,३८,६०० रुपयांचा माल झाला. प्रत्येक बिलावर साठ दिवसांची उधारी आणि त्यानंतर दरसाल १८ टक्के सरळ व्याज असे छापलेले आहे. बागायतदाराने १४ जून २०२४ रोजी २०,००० रुपये भरले आणि त्यानंतर काहीच भरले नाही. दुकानदाराने ९ मार्च २०२६ रोजी त्याला पुढील पत्र पाठवले.

“आपल्याकडे आमची सुमारे तीन लाख रुपयांची येणेबाकी दीर्घकाळ थकीत आहे. आपले व आमचे जुने संबंध लक्षात घेता, आपण एकरकमी भरणा केल्यास ४० टक्के सूट देण्यात येईल. तरी सदर रक्कम हंगाम संपताच, अथवा हे पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत, भरून सहकार्य करावे.”

पत्राची भाषा सौम्य आहे आणि हेतूही चांगला आहे. तरीही हे पत्र हातात घेऊन बागायतदार बँकेत गेला तर स्लिपवर कोणता आकडा लिहायचा, हे त्याला कळणार नाही.

पहिले काम : जुन्या पत्रावर काही घडले आहे का, ते पाहणे

नवा मसुदा हाती घेण्यापूर्वी बँकेचा खातेउतारा आणि दुकानातील पावतीपुस्तक ९ मार्चपासून आजपर्यंत तपासावे. बागायतदाराने, त्याच्या मुलाने किंवा भावाने या काळात काही रक्कम भरली असेल, अथवा “मान्य आहे” असे लिहून कळवले असेल, तर प्रकरण वेगळे होते. पत्रातील संदिग्ध वाक्याचा वाद उभा राहिला, तर ते वाक्य ज्याने लिहिले त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरण्याकडे न्यायाचा कल असतो. म्हणूनच समोरच्याने जुन्या पत्राचा सरळ अर्थ घेऊन पूर्ण रक्कम भरली असेल, तर नवे पत्र काढून ती नाकारू नये. जुना शब्द पाळावा आणि खाते मिटवावे. केवळ शब्दांत होकार आला असेल, तर कोणत्या आकड्याला होकार दिला हे आधी बोलून घ्यावे आणि मग नवे पत्र द्यावे.

दुकानातल्या माणसांनाही विचारावे. वसुलीला जाणारा मुलगा अंगणात उभा राहून “भाऊ, दीड लाखात मिटवू” असे सहज बोलून आलेला असतो, किंवा मोबाइलवर तसा संदेश पाठवलेला असतो. बागायतदाराच्या मनात पत्रातला आकडा राहत नाही, त्या संदेशातला राहतो. असे जे काही तोंडी वा मोबाइलवर बोलले गेले असेल, ते एका कागदावर तारखेसह टिपून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

दुसरे काम : येणेबाकी पक्की करणे

सूट ठरवण्यापूर्वी सूट कशातून द्यायची ते ठरले पाहिजे. त्यासाठी एक तारीख धरून त्या तारखेअखेरची बाकी मुद्दल आणि व्याज वेगवेगळे करून काढावी. आपल्या उदाहरणात ३१ मार्च २०२६ ही तारीख सोयीची आहे, कारण त्या दिवशी आर्थिक वर्ष संपते आणि वह्याही तिथेच जुळवल्या जातात.

यात पहिला प्रश्न मधल्या २०,००० रुपयांचा आहे. ते मुद्दलात जमा धरायचे की व्याजात? भारतीय करार अधिनियम, १८७२ यातील कलमे ५९ ते ६१ याच विषयावर आहेत. पैसे देताना ते कशापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितले असेल तर तसेच जमा करावे लागतात, आणि त्याने काहीच सांगितले नसेल तर कोणत्या देण्यापोटी धरायचे हे येणेकऱ्याने ठरवता येते. आपल्या दुकानदाराने ते पहिल्या बिलाच्या मुद्दलात जमा धरले आहेत. तडजोड करायचीच आहे तर मुद्दलात धरणे समोरच्याला पटते, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

असा हिशेब केला की मुद्दल २,१८,६०० रुपये उरते. प्रत्येक बिलाचे साठ दिवस संपल्यापासून ३१ मार्च २०२६ पर्यंतचे व्याज, २०,००० रुपयांमुळे कमी झालेले व्याज वगळून, ८७,३५१ रुपये होते. एकूण येणेबाकी ३,०५,९५१ रुपये. हा हिशेब एका स्वतंत्र पानावर, बिलाची तारीख, साठ दिवस संपल्याची तारीख, दिवस आणि व्याज अशा चार रकान्यांत मांडून पत्राला जोडावा. पत्रात मात्र फक्त तीन आकडे यावेत : मुद्दल, व्याज आणि बेरीज. “सुमारे” हा शब्द येथे कायमचा काढून टाकावा.

तिसरे काम : टक्केवारी काढून रुपये लिहिणे

सगळ्यात जास्त भांडणे याच जागी होतात, म्हणून येथे थोडे थांबू. “४० टक्के सूट” हे वाक्य आपल्या उदाहरणाला लावून पाहिले, तर त्याचे निदान चार प्रामाणिक अर्थ निघतात. मुद्दल आणि व्याज मिळून जी बाकी आहे तिच्यावर सूट धरली, तर भरायची रक्कम १,८३,५७१ रुपये होते. सूट मुद्दलावर आणि व्याज पूर्ण माफ असे धरले, तर १,३१,१६० रुपये होतात. सूट मुद्दलावर पण व्याज कायम असे धरले, तर २,१८,५११ रुपये होतात. आणि बागायतदाराने मूळ बिलांच्या २,३८,६०० रुपयांवर सूट धरून त्यातून आपण भरलेले वीस हजार वजा केले, तर त्याच्या दृष्टीने केवळ १,२३,१६० रुपये उरतात.

सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात पंचाण्णव हजारांहून अधिक अंतर आहे, आणि या चारांपैकी एकही अर्थ ओढूनताणून काढलेला नाही. याशिवाय, घाईत ऐकणारा “चाळीस टक्क्यांत मिटवायचे” असेही समजतो. टक्केवारी दुकानदाराने आपल्या मनात हिशेब करण्यापुरती ठेवावी. पत्रात तिला जागा नाही.

आपल्या दुकानदाराने विचार करून १,७५,००० रुपये ही रक्कम ठरवली आहे असे धरू. ती आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहावी, आणि संपूर्ण पत्रात “तडजोडीची रक्कम” या एकाच नावाने तिचा उल्लेख करावा. एका परिच्छेदात “सदर रक्कम”, दुसऱ्यात “सवलतीची रक्कम” आणि तिसऱ्यात “उर्वरित रक्कम” असे लिहिले, तर एकाच गोष्टीची तीन नावे होतात आणि वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या रकमा वाटू लागतात.

रकमेच्या शेजारीच दोन वाक्ये हवीत. एक, या रकमेत मुद्दल, व्याज, कर आणि खर्च असे सर्व काही आले आणि तिच्यावर आणखी काही मागितले जाणार नाही. दोन, या रकमेतून काहीही वजा करायचे नाही, कारण आधी भरलेले वीस हजार बाकी काढतानाच वजा झालेले आहेत. पहिले वाक्य बागायतदाराची भीती घालवते आणि दुसरे दुकानदाराचे नुकसान टाळते. यांपैकी दुसरे वाक्य लोक हमखास विसरतात. मग बागायतदार १,५५,००० रुपये भरून मोकळा होतो आणि त्याला खरोखरच वाटत असते की आपण सगळे देणे फेडले.

चौथे काम : मुदत एका क्षणावर आणणे

जुन्या पत्रात दोन मुदती आहेत आणि दोन्ही अस्थिर आहेत. “हंगाम संपताच” याचा अर्थ कोणाचा हंगाम संपताच? एखाद्याची बाग एप्रिलअखेर मोकळी होते, तर उशिरा मोहोर आलेल्याची मे महिना सरेपर्यंत चालते. काहींच्या मते शेवटचा आंबा कॅनिंगला गेल्याशिवाय हंगाम संपत नाही आणि काहींच्या मते दलालाची पट्टी हातात पडेपर्यंत संपत नाही. “मिरगाच्या आधी”, “गणपतीपर्यंत”, “शिमगा झाला की” या मुदती बोलण्यात शोभतात आणि गावात त्यांवर व्यवहारही होतात. परंतु जेथे एक लाख तीस हजारांची सूट एका दिवसावर अवलंबून आहे, तेथे त्या चालत नाहीत.

दुसरी मुदत “पत्र मिळाल्यापासून साठ दिवस” अशी आहे. पत्र कधी मिळाले हे सिद्ध करण्याचे ओझे त्यामुळे दुकानदारावर येते. कोकणात हे ओझे जड आहे, कारण घर बंद असते, म्हातारी माणसे मुंबईला मुलाकडे गेलेली असतात, पत्र शेजारी ठेवून घेतो आणि चार आठवड्यांनी देतो. शिवाय मिळाल्याचा दिवस साठात मोजायचा की नाही, हा प्रश्न उरतोच. म्हणून दिवस मोजायला लावू नये, तारीख लिहावी.

तारीख निवडताना पैशाची वेळ पाहावी. बागायतदाराच्या हातात एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पैसा खेळतो, आणि जूनमध्ये तोच पैसा शाळेची फी, घराची शाकारणी आणि पुढची खते यांत वाटला जातो. म्हणून २२ मे २०२६ ही तारीख मला बरोबर वाटते. तो शुक्रवार आहे. रविवार किंवा बँकेच्या सुट्टीचा दिवस मुदत म्हणून निवडला, की “सुट्टी होती म्हणून सोमवारी भरले” हा वाद घरबसल्या तयार होतो. एनईएफटी हल्ली रात्रंदिवस चालते हे खरे, पण ज्याला शाखेत जाऊन स्लिप भरायची असते त्याच्यासाठी शाखेची वेळ हीच वेळ असते. तारखेसोबत वार लिहावा, म्हणजे आकडा चुकून छापला गेला तरी ती चूक लगेच दिसते. आणि तासही लिहावा, म्हणजे “पर्यंत” या शब्दात तो दिवस धरला आहे की नाही, ही शंका उरत नाही.

त्या क्षणाला नेमके काय झालेले असले पाहिजे, हेही सांगावे लागते. चेक हातात देणे, बँकेत स्लिप भरणे, मोबाइलवर व्यवहाराचा क्रमांक येणे आणि दुकानदाराच्या खात्यात रक्कम जमा होणे या चार वेगवेगळ्या घटना आहेत. मुदत शेवटच्या घटनेला जोडावी. चेक घ्यायचाच असेल, तर तो वटून रक्कम जमा होण्याची वेळ धरली जाईल असे लिहावे; पुढच्या तारखेचा चेक ठेवून घेतला म्हणजे मुदत पाळली असे होत नाही. रोख रक्कम शक्यतो घेऊ नये, कारण तिची वेळ फक्त आपल्या पावतीवर असते आणि वाद झाला तर ती पावतीच वादात सापडते.

येथे एक बारीक अडचण आहे. “एकरकमी” म्हणजे एकाच व्यवहारात, असा अर्थ घेतला तर सामान्य यूपीआय व्यवहाराची एका दिवसाची मर्यादा एक लाख रुपयांची असल्यामुळे १,७५,००० रुपये एका वेळी जातच नाहीत. मग बागायतदार एक लाख आज आणि पंचाहत्तर हजार उद्या पाठवतो, आणि कोणीतरी म्हणतो की हे हप्ते झाले. म्हणून एका किंवा अनेक व्यवहारांत भरता येईल, पण संपूर्ण रक्कम मुदतीच्या आत जमा झाली पाहिजे, असे सरळ लिहून टाकावे.

पैसे बऱ्याचदा मुंबईत नोकरीला असलेला मुलगा त्याच्या खात्यातून पाठवतो. तेही चालेल असे पत्रात असावे. कायद्याची त्याला हरकत नाही : करार अधिनियमाच्या कलम ६३ नुसार येणेकरी आपल्या येण्याचा काही भाग किंवा सगळे येणे सोडून देऊ शकतो, आणि त्या कलमाखालीच एक उदाहरण आहे, ज्यात पाच हजारांच्या देण्यापोटी तिसऱ्याच माणसाने दिलेले एक हजार रुपये येणेकऱ्याने पूर्ण फेड म्हणून स्वीकारले आणि संपूर्ण देणे संपले. हेच कलम दुकानदाराने दुसऱ्या बाजूनेही ध्यानात ठेवावे. कमी रक्कम “पूर्ण फेड” म्हणून स्वीकारली, तर उरलेले येणे खरोखरच जाते.

पाचवे काम : कमी भरले किंवा उशिरा भरले तर काय, ते आधीच सांगणे

रक्कम आणि मुदत कितीही स्पष्ट असली, तरी त्या चुकल्यावर काय होईल हे लिहिले नसेल तर स्पष्टता अर्धीच राहते. समजा २२ मे रोजी १,७०,००० रुपये जमा झाले. समजा पूर्ण १,७५,००० रुपये जमा झाले, पण २५ मे रोजी. या दोन्ही प्रसंगी काय होणार ते एका वाक्यात सांगावे : तडजोड आपोआप रद्द होईल, जमा झालेली रक्कम मूळ येणेबाकीपोटी धरली जाईल, आणि बाकी मूळ दराने चालू राहील. हे वाक्य धमकीच्या सुरात लिहू नये. साध्या माहितीसारखे लिहावे.

मुदतवाढीचा दरवाजा ठेवायचा असेल, तर तो एकच आणि लेखी ठेवावा. “आणखी दोन-चार दिवस चालतील” असे फोनवर बोललेले वाक्य पत्रातली मुदत मोडून टाकते आणि मग खरी तारीख कोणती, हे दोघांनाही सांगता येत नाही.

सहावे काम : पत्र पुन्हा लिहिणे

आता सर्व तुकडे हातात आहेत. नवे पत्र असे होईल.

“दिनांक : सोमवार, ६ एप्रिल २०२६

विषय : आपल्या खात्याच्या एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव

महोदय,

१. हे पत्र आमच्या दिनांक ९ मार्च २०२६ च्या पत्राऐवजी देत आहोत. ते पत्र, तसेच आजपर्यंत आमच्यातर्फे कोणीही तोंडी किंवा मोबाइलवर सांगितलेले सुटीचे आकडे, आजपासून रद्द समजावेत.

२. दिनांक ३१ मार्च २०२६ अखेर आपल्या खात्यावर मुद्दल रु. २,१८,६०० आणि व्याज रु. ८७,३५१ मिळून एकूण रु. ३,०५,९५१ येणेबाकी आहे. आपण १४ जून २०२४ रोजी भरलेले रु. २०,००० यातून आधीच वजा केलेले आहेत. तपशील सोबत जोडला आहे.

३. या संपूर्ण येणेबाकीपोटी आपण रु. १,७५,००० (अक्षरी रुपये एक लाख पंचाहत्तर हजार फक्त) भरावेत. या रकमेस पुढे ‘तडजोडीची रक्कम’ म्हटले आहे. तीत मुद्दल, व्याज, कर व खर्च सर्व समाविष्ट आहे. तिच्याव्यतिरिक्त काहीही मागितले जाणार नाही आणि तिच्यातून काहीही वजा करावयाचे नाही.

४. तडजोडीची संपूर्ण रक्कम शुक्रवार, दिनांक २२ मे २०२६ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत आमच्या खाली नमूद केलेल्या बँक खात्यात जमा झालेली असावी. ती एका किंवा अनेक व्यवहारांत, आपल्या किंवा आपल्यातर्फे अन्य कोणाच्याही खात्यातून भरता येईल. चेकने भरल्यास तो वटून रक्कम जमा झाल्याची वेळ धरली जाईल.

५. वरीलप्रमाणे रक्कम जमा झाल्यास उर्वरित रु. १,३०,९५१ आणि १ एप्रिल २०२६ पासूनचे व्याज आम्ही पूर्णपणे सोडून देऊ आणि सात दिवसांत, म्हणजे उशिरात उशिरा शुक्रवार, दिनांक २९ मे २०२६ पर्यंत, येणेबाकी नसल्याचा लेखी दाखला देऊ.

६. त्या वेळेपर्यंत संपूर्ण रक्कम जमा न झाल्यास हा प्रस्ताव आपोआप संपेल, जमा झालेली रक्कम कलम २ मधील येणेबाकीपोटी धरली जाईल आणि बिलांवरील दराने व्याज चालू राहील. मुदतवाढ दिल्यास ती केवळ मालकांच्या सहीच्या पत्रानेच दिली जाईल.”

यानंतर बँकेचे नाव, शाखा, खात्याचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएस कोड, आणि मालकाची सही. खाते क्रमांक पासबुक समोर ठेवून दोन माणसांनी मिळून तपासावा. स्वीकृतीसाठी वेगळी तारीख मी जाणूनबुजून ठेवलेली नाही. “१५ एप्रिलपर्यंत होकार कळवा आणि २२ मेपर्यंत भरा” असे लिहिले की पत्रात दोन मुदती होतात, आणि होकार न कळवता वेळेत पैसे भरणाऱ्याचे काय करायचे, हा नवा प्रश्न उभा राहतो. पैसे भरणे हाच होकार.

सातवे काम : पत्र पोहोचवणे आणि जुन्या बाकीची मुदत सांभाळणे

पाठवण्यापूर्वी हे पत्र अशा कोणाला तरी वाचायला द्यावे ज्याला या खात्याची काहीच माहिती नाही, आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत : किती भरायचे, कधीपर्यंत कुठे पोहोचले पाहिजे, आणि पाच हजार कमी पडले तर काय होईल. त्याला हिशेब करावा लागला, किंवा उत्तर देताना “बहुतेक” हा शब्द वापरावा लागला, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.

पत्र स्पीड पोस्टाने गावच्या पत्त्यावर पाठवावे, आणि शक्य असल्यास एक प्रत स्वतः नेऊन द्यावी. प्रत देताना घेणाऱ्याची सही घ्यावी, पण येथे दोन सह्यांत फरक आहे. “पत्र मिळाले” या शब्दांखाली केलेली सही फक्त पोहोच आहे. “३१ मार्च २०२६ अखेर रु. ३,०५,९५१ ही येणेबाकी मला मान्य आहे” या वाक्याखाली देणेकऱ्याने केलेली सही ही कबुली आहे, आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील कलम १८ नुसार अशी लेखी, सही केलेली कबुली मूळ मुदत संपण्याआधी मिळाली, तर दाव्याची मुदत तिच्यापासून नव्याने मोजली जाते.

उधारीच्या मालाच्या किमतीसाठी ही मुदत साधारणपणे उधारीचे दिवस संपल्यापासून तीन वर्षांची असते. आपल्या पहिल्या बिलाचे साठ दिवस ११ डिसेंबर २०२३ रोजी संपले, म्हणजे त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये भरत आली आहे. दुकानदाराने कितीही पत्रे पाठवली तरी त्याच्या स्वतःच्या पत्राने ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही, हे नवख्या माणसाला माहीत नसते आणि तडजोडीच्या बोलण्यात महिने निघून जातात. कबुलीचे वाक्य वेगळ्या ओळीत, मोठ्या अक्षरात लिहावे आणि सही घेण्याआधी वाचून दाखवावे. पोहोचेच्या आड लपवून कबुली घेणे मला गैर वाटते आणि नंतर ती टिकवणेही अवघड जाते. बागायतदाराने कबुली दिली नाही तरी तडजोडीचा प्रस्ताव तसाच राहतो. फक्त २२ मे नंतर वकिलाकडे जाण्यासाठी आपल्या हातात किती महिने आहेत, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.

मुदतीच्या दिवशी

१८ मेच्या सुमारास एक आठवण द्यावी, पण तिच्यात रक्कम आणि मुदत पत्रातल्याच शब्दांत लिहावी. “उद्या-परवा मिटवून टाका” असे लिहू नये.

२२ मे रोजी पाच वाजता खातेउतारा काढून त्याची प्रत पत्रासोबत ठेवावी. पूर्ण रक्कम आली असेल, तर उरलेली रक्कम वहीतून कशी काढायची आणि त्यापोटीच्या जीएसटीचे काय, हे आपल्या कर सल्लागाराला विचारून नोंद करावी. रक्कम कमी आली असेल, किंवा सोमवारी २५ मे रोजी उशिरा आली असेल, तर गप्प बसू नये. गप्प बसणे म्हणजे तडजोड स्वीकारली, असा युक्तिवाद पुढे होऊ शकतो. त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र द्यावे : “दिनांक २५ मे २०२६ रोजी रु. १,७५,००० मिळाले. ६ एप्रिलच्या पत्रातील मुदत संपल्यामुळे ही रक्कम येणेबाकीपोटी जमा केली आहे.” आणि उशीर माफ करायचा असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे की केवळ या वेळी उशीर माफ करून ही रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली आहे. एका दिवसाच्या किंवा दोन-तीन हजारांच्या फरकासाठी तडजोड मोडणे बहुतेक वेळा दुकानदाराच्याच तोट्याचे असते. पण तो निर्णय मालकाने करावा आणि कागदावर करावा.

दाखल्यात तिन्ही बिलांचे क्रमांक व तारखा, मिळालेली रक्कम, जमा झाल्याची तारीख आणि “या बिलांपोटी आता काहीही येणे राहिलेले नाही” हे वाक्य असावे. हमी म्हणून घेतलेला कोरा चेक असेल तर तो दाखल्यासोबत परत करून, चेकचा क्रमांक दाखल्यात नमूद करावा. मूळ प्रत बागायतदाराला द्यावी, आणि पैसे मुंबईहून मुलाने पाठवले असतील तर एक प्रत त्यालाही पाठवावी.